कूलर जुलैत घ्यावा की जानेवारीत? बिगरहंगामी खरेदीचा नेमका हिशेब

पहिला मोठा पाऊस पडला की आठवड्याभरात कूलरचा भाव उतरतो, आणि पंख्याचा मात्र फारसा उतरत नाही. दोन्ही उन्हाळ्याच्याच वस्तू, मग असं का? कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवा ४२ अंश तापलेली आणि कोरडी असेल, म्हणजे आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला कूलर ती २६-२७ अंशांपर्यंत खाली आणतो. तीच हवा पावसाळ्यात ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची झाली की कूलरला जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पाडता येतो आणि वर खोलीत दमटपणा भरतो. जूनच्या मध्यावर विदर्भात पाऊस स्थिरावला की त्या दिवसापासून कूलर जवळजवळ निरुपयोगी होतो. पंखा मात्र पावसाळ्यातल्या घामटपणातही लागतो आणि ऑक्टोबर हीटमध्येही लागतो. गरज एका रात्रीत संपते त्या वस्तूचा भाव पडतो. गरज हळूहळू ओसरते त्या वस्तूचा भाव तसा पडत नाही.

म्हणून इथे मुख्य हिशेब कूलरचा मांडला आहे. तो समजला की पंखा, स्वेटर आणि रेनकोट यांचं काय करायचं हे लवकर उलगडतं.

दुकानदार सूट का देतो

समजा, दुकानात जूनअखेर पाच कूलर उरले. प्रत्येकाची खरेदी ८,००० रुपयांची. बहुतेक दुकानदारांचं भांडवल बँकेच्या कर्जावर फिरत असतं. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला एक टक्का, म्हणजे एका कूलरमागे ८० रुपये. पुढच्या मार्चपर्यंत नऊ महिने माल पडून राहिला तर ७२० रुपये नुसत्या व्याजात गेले. त्यात कूलर म्हणजे आत पोकळी असलेला मोठा खोका. ज्या जागेत दिवाळीत चार मिक्सर आणि दोन गिझर ठेवून विकता येतात ती जागा एकच कूलर अडवतो. खोका पावसाळ्यात ओलावतो, उंदीर आत शिरून पॅड कुरतडतात. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीचं नवं मॉडेल येतं, तेव्हा हा माल ‘गेल्या वर्षीचा’ ठरतो आणि तेव्हाही तीन-चारशे रुपये तोडूनच द्यावा लागतो.

सगळं धरलं तर उरलेला कूलर ठेवून घेण्याचा खर्च बाराशे ते पंधराशे रुपयांवर जातो. तेवढी सूट देऊन आज रोख हातात आली तर दुकानदाराचं नुकसान होत नाही. गिऱ्हाइकाला मिळणारी सूट म्हणजे हाच खर्च. त्याचं व्याज, त्याची जागा आणि माल खराब होण्याची त्याची धास्ती आपण अंगावर घेतो, त्याचा हा मोबदला. म्हणून ‘किती टक्के सूट’ एवढंच विचारून भागत नाही. सुटीबरोबर कोणतं ओझं घरी येतं तेही मोजावं लागतं.

पहिलं काम एप्रिलमध्ये: चालू भाव टिपून ठेवणे

बिगरहंगामी खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत एमआरपीवरून होते. ‘एमआरपीवर ४० टक्के सूट’ असं लिहिलेला कूलर ऐन उन्हाळ्यातही एमआरपीला विकला जात नसतो. खोक्यावर १५,००० छापलेलं असतं आणि एप्रिलमध्ये तो १०,००० ला मिळत असतो. जुलैत ९,००० ला दिला तर पाटीवर ४० टक्के दिसतात, पण खरी सूट दहा टक्केच असते.

म्हणून गरज नसली तरी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याला हव्या त्या मॉडेलचा चालू भाव दोन दुकानांत विचारावा आणि ऑनलाइन दिसणारा भाव तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, कारण ५५ लिटरच्या एकाच नावाखाली हनीकोंब पॅडचा आणि गवताच्या पॅडचा असे वेगळे कूलर निघतात. दोघांच्या किमती सारख्या नसतात. पुढचा सगळा हिशेब या टिपलेल्या भावावरून करायचा.

त्याच सुमारास हवामानावरही नजर ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वारंवार झाला आणि उन्हाळा अर्धवट गेला, तर दुकानांत माल तुंबतो आणि जुलै गिऱ्हाइकाचा असतो. उलट पारा जूनपर्यंत चढाच राहिला तर माल मे अखेरच संपतो. अशा वर्षी जुलैत जे उरतं ते कुणी न घेतलेलं असतं: हॉलसाठीचा अवाढव्य कूलर, नाहीतर टेबलाएवढा पर्सनल. त्यावर सूट मिळाली तरी तो आपल्या खोलीचा नसतो. अशा वर्षी जुलैचा नाद सोडून जानेवारीची वाट पाहावी.

दोन खिडक्या: एकाच कूलरचा हिशेब

कूलर स्वस्त मिळण्याच्या वेळा दोन. एक म्हणजे पाऊस स्थिरावल्यापासून ऑगस्टपर्यंत, जेव्हा उरलेला माल काढायचा असतो. दुसरी म्हणजे डिसेंबर ते जानेवारीअखेर. तेव्हा कंपन्या येत्या हंगामाचा माल विक्रेत्यांकडे आगाऊ सरकवतात, त्यासाठी त्यांना जादा सवलत देतात, आणि दुकानात कूलरचं गिऱ्हाईक मात्र अजून फिरकलेलं नसतं.

एप्रिलचा चालू भाव १०,००० रुपये होता असं धरू. तोच कूलर जुलैच्या मध्यावर ८,३०० ला मिळतोय. दिसायला १,७०० वाचले. पण वापर मार्चच्या मध्यापासून, म्हणजे आठ महिन्यांनी. हे ८,३०० बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर साधारण ३९० रुपये व्याज आलं असतं. वॉरंटी बहुधा एक वर्षाची आणि ती बिलाच्या तारखेपासून धरतात. म्हणजे वर्षातले आठ महिने कूलर खोक्यात असतानाच संपले. उरलेल्या चार महिन्यांत उन्हाळा बसतो खरा, पण दुसऱ्या वर्षी हंगाम सुरू होताना काहीच हातात राहत नाही. पंप किंवा मोटर बिघडण्याची शक्यता धरून याची किंमत ३०० रुपये लावू. निव्वळ बचत उरली सुमारे १,००० रुपये.

आता हाच कूलर जानेवारीच्या मध्यावर ८,८०० ला मिळाला तर? दिसायला १,२०० च वाचतात. व्याज दोनच महिन्यांचं, म्हणजे जवळपास १०० रुपये. वॉरंटीचे दोनच महिने वाया जातात, त्याचे ७५ धरू. निव्वळ बचत सुमारे १,०२५. म्हणजे जुलैतले सतराशे आणि जानेवारीतले बाराशे घरी येईपर्यंत सारखेच होतात. शिवाय जानेवारीत मॉडेल निवडायला वाव असतो, माल ताजा असतो आणि सहा महिने घरात खोका सांभाळावा लागत नाही. बचत सारखी असेल तर जानेवारी सरळ सरळ वरचढ.

यावरून एक उंबरठा निघतो. जुलै-ऑगस्टमध्ये चालू भावावर १५ टक्क्यांहून कमी सूट असेल तर घाई करू नये. २० टक्क्यांच्या वर गेली आणि मॉडेल मनासारखं असेल तर घ्यावा. जानेवारीत १० टक्केही पुरे. हे आकडे साधारण दहा हजारांच्या कूलरचे आहेत. लहान कूलरला व्याज कमी लागतं, पण पंपाच्या दुरुस्तीचा खर्च तितकाच येतो, म्हणून सवलत टक्क्यांत थोडी जास्तच हवी.

वॉरंटीचा प्रश्न टाळायची एक युक्ती दुकानदार स्वतःहून सुचवतात: भाव आज ठरवा, थोडी रक्कम आगाऊ द्या, डिलिव्हरी आणि बिल मार्चमध्ये घ्या. वॉरंटी पूर्ण मिळते हे खरं, पण मग जागा आणि व्याज त्याच्याकडेच राहतं, त्यामुळे सूट निम्म्यावर येते. त्यात आगाऊ रकमेची पावती मॉडेल क्रमांक आणि ठरलेला भाव लिहून घेतली नाही तर मार्चमध्ये ‘ते मॉडेल बंद झालं, हे घ्या’ असं ऐकावं लागतं. दुकान ओळखीचं आणि जुनं असेल तरच हा मार्ग धरावा.

दुकानात खोक्यावर काय वाचायचं

खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. जुलैत दाखवलेला कूलर त्याच वर्षीच्या जानेवारी ते एप्रिलमधला असेल तर तो चालू हंगामाचा. आदल्या वर्षीचा असेल तर तो एक पावसाळा गोडाऊनमध्ये काढून आला आहे. नकोच असं नाही, पण मग आणखी पाच टक्के मागावेत आणि पॅड उघडून बघावेत.

हनीकोंब पॅड जाड कागदाचे असतात. बोटाने कडा दाबल्यावर भुगा पडला किंवा काळे ठिपके दिसले तर ओल लागून बुरशी आली आहे. कुबट वास हा त्याहून पक्का पुरावा, कारण ठिपके पुसता येतात, वास पुसता येत नाही. गवताचा पॅड असेल तर चिंता कमी, तो दर एक-दोन हंगामांनी बदलायचाच असतो आणि स्वस्त असतो. लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात आणि नळाच्या जोडापाशी रंगाखाली फुगवटा आहे का ते पाहावं. फुगलेल्या रंगाखाली गंज असतो.

शोरूममध्ये मांडलेला डेमो पीस आणखी स्वस्त मिळतो. तो हंगामभर दिवसातून दहा तास कोरडा फिरवलेला असू शकतो, म्हणजे पंख्याची मोटर चाललेली आणि पंप मात्र कोरा. यात मोटरचा आवाज हीच परीक्षा.

घरी आणल्यावर, त्याच आठवड्यात

इथे बहुतेक लोक चुकतात. कूलर जुलैत आणतात, खोका न उघडता माळ्यावर टाकतात आणि मार्चमध्ये उघडतात. पंप चालत नाही, बदलून द्यायची मुदत केव्हाच संपलेली, आणि सर्व्हिस सेंटरला त्याच दिवसांत शेकडो तक्रारी. म्हणून चाचणी लगेच करायची.

टाकीत किमान खुणेच्या वरपर्यंत स्वच्छ पाणी भरावं. क्षाराचं बोअरचं पाणी चाचणीला वापरू नये, का ते पुढे येईल. आधी नुसता पंखा तिन्ही वेगांवर पाच-पाच मिनिटं चालवावा आणि घरघर किंवा थरथर ऐकावी. मग पंप सुरू करावा. दहा मिनिटांनी मागची जाळी काढून पॅड हाताने चाचपावेत. तिन्ही बाजूंचे पॅड वरपासून खालपर्यंत सारखे ओले हवेत. एखादा उभा पट्टा कोरडा राहिला तर वरच्या पाणीनळीचं छिद्र बुजलं आहे, बहुधा प्लास्टिकच्या बुरामुळे, आणि ते टाचणीने मोकळं होतं. सगळाच एक पॅड कोरडा असेल तर नळी निसटली आहे किंवा पंप दुबळा आहे. पंप दुबळा असेल तर कूलर बदलून मागावा.

कूलरखाली वर्तमानपत्र पसरून तो एक तास तसाच ठेवावा. कागद ओला झाला तर गळती नेमकी कुठे आहे ते डागावरून कळतं. निचऱ्याच्या बुचापाशी असेल तर रबरी वॉशर नीट बसलेला नसतो, बाकी ठिकाणची गळती म्हणजे टाकीला चीर. पावसाळ्यात या चाचणीत हवा गार लागणार नाही, त्यावरून कूलर वाईट ठरवू नये. यंदाच्या चाचणीत पाण्याचा प्रवाह आणि मोटरचा आवाज एवढंच कळतं.

मग साठवण. टाकी पूर्ण रिकामी करावी, पंप बंद ठेवून नुसता पंखा दोन तास चालवावा म्हणजे पॅड आतपर्यंत सुकतात. दमट दिवस असेल तर चार तास लागतील. पंपाच्या तळाची जाळी उघडून आतलं पातं पुसून घ्यावं. क्षाराचं पाणी इथे सुकलं की पांढरा थर पातं धरून ठेवतो आणि मार्चमध्ये पंप नुसता गुणगुणतो, पाणी चढवत नाही. (तसं झालंच तर लगेच नवा पंप आणू नये. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून पातं हाताने फिरवलं की बहुतेकदा सुटतं.) कूलर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नये, आत ओल कोंडते. सुती चादर टाकावी आणि भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा. बिलाचा फोटो काढावा, कारण थर्मल कागदावरचं बिल आठ महिन्यांत पुसट होतं आणि वॉरंटी मागताना कोरा कागद हातात येतो.

पंख्यासाठी थांबण्यात तोटाच

छताच्या पंख्याला हिवाळ्यात थोडी सूट मिळते, पण ती गाठण्यासाठी थांबणं बऱ्याचदा महागात पडतं. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा पूर्ण वेगावर साधारण २८ ते ३५ वॅट. रोज बारा तास चालला तर दिवसाला जवळपास अर्धा युनिट, महिन्याला १५ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर १२० रुपये. आता मेमध्ये पंखा घ्यायचा ठरलं असताना डिसेंबरच्या ३०० रुपयांच्या सुटीसाठी कुणी थांबलं, तर सात महिन्यांत विजेचे ८०० च्या वर रुपये जातात. तीनशे मिळवायला आठशे मोजले.

घाई नसेल तर मात्र एक गोष्ट आधी करावी. पंखा हळू फिरतोय म्हणून नवा घ्यायला निघालेल्यांपैकी पुष्कळांचा फक्त कंडेन्सर उतरलेला असतो. त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. तेवढ्याच क्षमतेचा नवा कंडेन्सर चहापाण्याच्या पैशांत येतो आणि एमसीबी खाली पाडून इलेक्ट्रिशियन तो दहा मिनिटांत बसवतो. जास्त वेगाच्या आशेने मोठ्या क्षमतेचा बसवू नये, मोटर तापते.

नव्या पंख्यावर तारांकन पाहावं. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून बीईईचं लेबल सक्तीचं आहे. बिनलेबलाचा पंखा ‘क्लिअरन्स’ म्हणून समोर आला तर तो त्याआधीचा पडून राहिलेला माल आहे, मग भाव कितीही उतरलेला असो.

स्वेटर जानेवारीअखेर, रेनकोट मात्र जपून

लोकरी कपडे बिगरहंगामात घ्यायला सगळ्यात सोपे, कारण त्यांना वॉरंटीची अट नाही आणि जागा थोडी लागते. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य ही वेळ. शहरात हिवाळ्यापुरते स्वेटरचे बाजार मांडणारे तिबेटी विक्रेते त्या सुमारास गाशा गुंडाळतात. उरलेले गठ्ठे परत नेण्यापेक्षा ते विकलेले बरे असतात, म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांत घासाघीस चालते. अडचण साइजची: मधली मापं आधीच गेलेली असतात. मोठ्यांनी आपलं माप मिळालं तरच घ्यावं. मुलांच्या बाबतीत उलट गंमत आहे. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, त्यामुळे एक माप मोठं घेतलं तर पुढच्या डिसेंबरला ते नेमकं बसतं. दोन मापं मोठं घेतलं तर बाह्या हातावरून खाली घसरतात आणि मूल ते घालत नाही.

लोकर की अ‍ॅक्रिलिक हे शिवणीच्या आतून सुटलेला एक धागा जाळून कळतं. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटात चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक काळी गोळी होते. खरी लोकर असेल तर ठेवण्याआधी धुवावी, कारण कसरीची अळी घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली जागा आधी खाते. दुकानात दहा जणांनी घालून पाहिलेला नवा स्वेटरही धुवूनच ठेवावा. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही.

रेनकोटाचं गणित वेगळं आहे, आणि इथे स्वस्ताई फसवी असू शकते. पीव्हीसीचा रेनकोट घडीवर चिकटतो आणि घडीच्या रेषेवर तडकतो. कापडी रेनकोटाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर दमट जागी हळूहळू चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. हे वापराने होत नाही, नुसत्या पडून राहण्याने होतं. पॉलियुरेथेनच्या तळाचे पावसाळी बूटही असेच, न वापरताही काही वर्षांत तळ भुगा होऊन गळतात. म्हणून गणपतीनंतर मिळणारा त्याच वर्षीचा रेनकोट घ्यायला हरकत नाही, दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये लोळलेला मात्र नको. आतली बाजू अंगठ्याने चोळावी: चिकट लागली किंवा पांढरी पूड निघाली तर परत ठेवावा. शिलाईवरची टेप नखाने उचकटून पाहावी, कोपऱ्यात उचलली गेली तर पाणी तिथूनच येणार. घेतलेला रेनकोट घडी न घालता हँगरला, उन्हापासून आडोशाला टांगावा. छत्री मिटून बांधण्याआधी तिच्या तारांच्या सांध्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा, म्हणजे जूनमध्ये उघडताना एक तार तिथेच अडकून कापड फाटत नाही.